18 टक्के डिव्हिडंड देणारा शेअर 140 रुपयांना का मिळतोय?

टॉवेलवाले_सोलापूर

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना होता. वडिलांच्या काळातले माग, मागच्या दिवाळीनंतर विकून टाकले. देणी फेडून 12 लाख उरलेत. मुलगी शिकतेय, घरखर्च चालू आहे, त्यामुळे दरमहा काहीतरी हातात यायला हवं. बँकेच्या ठेवीवर साधारण 7 टक्के मिळतात.

परवा एका संकेतस्थळावर शेअरची यादी डिव्हिडंड यील्डच्या उतरत्या क्रमाने लावली. वरच्या पाचांत एक कंपनी दिसली. भाव 140, गेल्या वर्षीचा डिव्हिडंड 25 रुपये. म्हणजे जवळजवळ 18 टक्के. 4 लाख घातले तर साधारण 2,857 शेअर, वर्षाला 71 हजार, महिन्याला सहा हजारांच्या आसपास. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळी चर्चा त्या एका कंपनीवरच जाईल. वर्षापूर्वी हाच शेअर 210 ला होता. एवढं देणारी कंपनी स्वस्तात मिळतेय तर लोक घेत का नाहीत, हे मला कळेना. शेअरमध्ये मी नवीन आहे, समजावून सांगा.

सातरस्ता_विजय

मालक, मी 2009 पासून बाजारात आहे. यील्ड बघून घाबरायचं कारण नाही, फक्त एक गोष्ट तपासा. कंपनी नफ्यातला किती हिस्सा वाटते ते बघा. 100 रुपये कमावून 60 वाटत असेल तर बिनधास्त घ्या. 100 कमावून 130 वाटत असेल तर हात लावू नका. बाकी सगळा गोंगाट आहे. भाव पडला म्हणजे लोक घाबरलेत एवढंच, आणि लोक घाबरतात तेव्हाच घ्यायचं असतं.

कुलकर्णी_निवृत्त

मला एक शंका आहे. मी तीस वर्षं सहकारी पतसंस्थेत होतो. आमच्याकडे भागावर 15 टक्क्यांच्या वर लाभांश देताच येत नाही, सहकार कायद्यातच ती मर्यादा आहे, वर द्यायचा तर निबंधकांची परवानगी लागते. मग ही कंपनी 18 टक्के कशी देते? आणि मागे पेपरात एका कंपनीने 1300 टक्के लाभांश जाहीर केल्याचं वाचलं होतं. ते कसं काय?

शुभदा_ताळेबंद

कुलकर्णी काका, तुमची शंका या धाग्यात अगदी योग्य जागी आली. पतसंस्थेचा भाग 100 रुपयांचा असला तर तो कायम 100 चाच राहतो, त्याला बाजारभाव नसतो. म्हणून तिथला टक्का आणि तुमच्या हातातला परतावा एकच. कंपन्याही टक्का दर्शनी किमतीवरच, म्हणजे शेअरवर लिहिलेल्या मूळ किमतीवर, जाहीर करतात, पण तुम्ही शेअर घेता बाजारभावाने. तुम्ही वाचलेले 1300 टक्के बहुधा हिंदुस्तान झिंकचे असणार, मार्च 2023 मधले. दर्शनी किंमत 2 रुपये, जाहीर डिव्हिडंड 26 रुपये, म्हणून 1300 टक्के. पेपरातल्या त्या आकड्यावरून गुंतवणूकदाराला काहीच कळत नाही. आणि कंपन्यांना तुमच्यासारखी 15 टक्क्यांची मर्यादा नाही.

आता टॉवेलवाले दादांचा प्रश्न. मी बँकेच्या कर्ज विभागात बावीस वर्षं ताळेबंद वाचले, माहेर सोलापूरचं, आता पुण्यात असते. हिंदुस्तान झिंकचंच उदाहरण पूर्ण सांगते, कारण त्यातले आकडे सगळ्यांना तपासता येतात.

2022-23 या एका वर्षात त्यांनी चार वेळा अंतरिम, म्हणजे वर्ष संपायच्या आतच, डिव्हिडंड दिला. 21, मग 15.50, मग 13, आणि शेवटी 26. बेरीज 75.50 रुपये. शेअर तेव्हा 300 च्या आसपास होता. म्हणजे यादीत यील्ड 25 टक्के दिसत होतं. दादा, तुमच्या 18 पेक्षाही जास्त. त्या वर्षी कंपनीने कमावले किती? नफा साधारण 10,500 कोटी, शेअरमागे 25 रुपयांच्या जरा खाली. वाटले जवळजवळ 31,900 कोटी. कमाईच्या तिप्पट.

उरलेले 21 हजार कोटी कुठून आले, हे ताळेबंदात स्पष्ट दिसतं. वर्षाच्या सुरुवातीला भागधारकांचा स्वनिधी 34 हजार कोटींच्या वर होता, शेवटी 13 हजारांच्या खाली आला. साठवलेली रोकड आणि गुंतवणूक साधारण निम्म्यावर आली. कर्ज 3 हजार कोटींच्या आत होतं, ते 12 हजारांच्या जवळ गेलं. खाण तीच, जस्त तेच, चांदी तीच. नव्याने कमावलेलं त्या डिव्हिडंडमध्ये एक तृतीयांश होतं, बाकी तिजोरी रिकामी करून आणि कर्ज काढून दिलेलं होतं.

एवढी घाई कशाला? कंपनीची 65 टक्के मालकी तेव्हा वेदांताकडे होती, आणि वेदांताच्या वर लंडनची वेदांता रिसोर्सेस, जिच्या डोक्यावर डॉलरमधलं मोठं कर्ज होतं. वेदांतानेही त्याच वर्षी शेअरमागे 101.50 रुपये वाटले, आणि तिची स्वतःची कमाई होती शेअरमागे 28 च्या आसपास. पैसा खालून वर नेण्याचा सरळ रस्ता डिव्हिडंडच. यात बेकायदा काहीच नव्हतं, आणि तेव्हा साडेएकोणतीस टक्के हिस्सा असलेल्या केंद्र सरकारलाही त्यातले नऊ हजार कोटींवर मिळाले. पण डिव्हिडंडचा आकडा खाणीच्या कमाईवर ठरला नव्हता, वरच्या मालकाच्या गरजेवर ठरला होता. यादीतल्या यील्डमध्ये ही गोष्ट दिसत नाही.

पुढच्या वर्षी, 2023-24 मध्ये, डिव्हिडंड आला 13 रुपये. 25 टक्के बघून कुणी 3 लाखांचे 1,000 शेअर घेतले असते आणि महिन्याला सहा हजार गृहीत धरले असते, तर हातात आले असते महिन्याला हजार-अकराशे, तेही कर कापायच्या आधी. 1 एप्रिल 2020 पासून डिव्हिडंड तुमच्या उत्पन्नात मिळवून तुमच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो, तेही धरा.

टॉवेलवाले_सोलापूर

ताई, फार नीट सांगितलंत. एक अडलं. कर्ज काढून डिव्हिडंड वाटलेला कायद्याला चालतो? आम्ही माग घ्यायला कर्ज मागितलं तर बँक दहा कागद मागायची.

शुभदा_ताळेबंद

दादा, कायदा विचारतो की नफा आहे का. चालू वर्षाचा, किंवा मागच्या वर्षांचा साठून राहिलेला. तो वहीत असेल तर वाटता येतो. पण वहीतला नफा आणि खात्यातली रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साठलेला नफा कधीच यंत्रांत किंवा उधारीत गेलेला असू शकतो. मग वाटायच्या दिवशी रोकड कर्जातून येते, आणि कागदोपत्री तो नफ्यातलाच डिव्हिडंड राहतो. म्हणून नफ्याच्या पानाबरोबर रोख प्रवाहाचं पान वाचावं लागतं.

बार्शीकर_72

शुभदाताई, आदर आहे, पण तुम्ही निवडलेलं उदाहरणच उलटं पडतं. मी एप्रिल 2023 मध्ये हिंदुस्तान झिंक साधारण 310 ला घेतला. मे 2024 मध्ये तो 700 च्या वर गेला होता, तेव्हा अर्धे विकले. दुपटीहून जास्त झाले. याला सापळा म्हणायचं असेल तर असे सापळे मला रोज मिळोत. तुमचं ऐकून मी लांब राहिलो असतो तर नुकसान माझंच झालं असतं.

शुभदा_ताळेबंद

बार्शीकर काका, तुमचा फायदा खरा आहे आणि तो मी नाकारत नाही. भाव वर जाण्यामागे चांदीची तेजी मोठी होती, आणि कंपनी चांदी मोठ्या प्रमाणात काढते. तुम्ही धातूवर पैज लावली होती आणि जिंकलात. टॉवेलवाले दादा धातूवर पैज लावत नाहीयेत. त्यांना महिन्याला सहा हजार हवेत, आणि त्या आकड्याचं काय झालं ते वर लिहिलंय. 75.50 चे 13 झाले. एकच शेअर भाववाढीसाठी घेणाऱ्याला फळला आणि नियमित उत्पन्नासाठी घेणाऱ्याला फसवून गेला, असं होऊ शकतं.

बार्शीकर_72

तुमचं पटतं, पण अर्धंच. उत्पन्नवाल्यानेही शेअर धरून ठेवला असता तर तो थोडे थोडे विकून खर्च भागवू शकला असता. डिव्हिडंडच का हवा?

शुभदा_ताळेबंद

विकून भागवता येतं, हिशोबाने तुम्ही बरोबर आहात. पण भाव 300 चा 250 झाला असता आणि त्याच महिन्यात मुलीची फी भरायची असती, तर किती जणांना ते जमतं, यावर आपलं एकमत होणार नाही.

चिंचोळी_भट्टी

विजयरावांच्या नियमाबद्दल बोलतो. मी चिंचोळीला एका पोलाद भट्टीवर आहे. भट्टीत ग्रॅफाइटचे इलेक्ट्रोड लागतात. 2017-18 ला चीनने प्रदूषण करणारे कारखाने बंद केले आणि इलेक्ट्रोडचा भाव असा चढला की आमचे मालक रोज डोक्याला हात लावून बसायचे. हे इलेक्ट्रोड बनवणारी एचईजी. 2018-19 मध्ये नफा 3,000 कोटींच्या वर, डिव्हिडंड 80 रुपये. ऑक्टोबर 2018 मध्ये शेअर पाच हजारांच्या जवळ होता, पुढच्या ऑगस्टपर्यंत हजाराच्या आसपास आला. यादीत यील्ड 8 टक्के दिसायला लागलं.

आता विजयरावांचा नियम लावा. कंपनीने नफ्याचा जेमतेम दहावा हिस्सा वाटला होता. 100 कमावून 10. यापेक्षा सुरक्षित काय असणार? पण पुढच्या वर्षी नफाच 50-55 कोटींवर आला. डिव्हिडंड 25 झाला. इलेक्ट्रोड स्वस्त झालेले आम्हाला भट्टीवर सहा महिने आधी कळलं होतं. खरेदीचा माणूस खूश होता. शेअर घेणाऱ्यांनी कंपनी काय विकते आणि त्याचा भाव काय चाललाय एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं.

सातरस्ता_विजय

हे उदाहरण मला माहीत नव्हतं, मान्य करतो. म्हणजे नफ्याचा किती हिस्सा वाटला हे बघताना तो नफा टिकणारा आहे का, हेही बघायला हवं. तरी माझा एक मुद्दा सोडत नाही. 2020 च्या शेवटी कोल इंडिया 120 च्या आसपास होता, आधीच्या वर्षाचा डिव्हिडंड 12. यील्ड 10 टक्के. तेव्हाही सगळे म्हणत होते, कोळसा संपला, हा सापळा आहे. पुढच्या वर्षी डिव्हिडंड 16, मग 17, मग 24 च्या वर. मी घेतला होता. सगळी जास्त यील्ड वाईट म्हणून टाकून दिली तर अशा संधीही जातील.

शुभदा_ताळेबंद

विजयराव, अगदी बरोबर. मोठं यील्ड हा फक्त प्रश्न आहे, त्याचं उत्तर तपासून काढायचं. कोल इंडियात भाव पडला होता भीतीने, पण वीज केंद्रांना कोळसा लागतच होता, कर्ज फारसं नव्हतं आणि डिव्हिडंड त्या वर्षीच्या नफ्यात बसत होता. तिथेही मोठा मालक पैशाची वाट बघत होता, म्हणजे सरकार. मालकाची गरज असणं एवढ्यावरून काहीच ठरत नाही. ती गरज कंपनीच्या कमाईत बसते की नाही हे बघायचं.

रेखा_नवीपेठ

मी क्वचित लिहिते. आमच्याकडे झालेलं सांगते, कंपनीचं नाव घेत नाही. यजमान निवृत्त झाले तेव्हा फंडातले 6 लाख एका कंपनीत घातले, 11 टक्के यील्ड बघून. पहिलं वर्ष डिव्हिडंड आला, मला पैठणी घेतली. दुसऱ्या वर्षी निम्मा आला. भाव दर महिन्याला खाली जात होता आणि मी विकू या म्हटलं की ते म्हणायचे, "डिव्हिडंड येतोय ना, भावाकडे बघू नकोस." तिसऱ्या वर्षी डिव्हिडंड बंद झाला आणि त्याच आठवड्यात भाव आणखी कोसळला. हातात 2 लाख 10 हजार आले. मला सगळ्यात लागलेली गोष्ट ही की येणाऱ्या डिव्हिडंडनेच आम्हाला तिथे बांधून ठेवलं. तो आला नसता तर आम्ही पहिल्या वर्षीच बाहेर पडलो असतो. दादा, घाई करू नका.

कुलकर्णी_निवृत्त

रेखाताई, वाचून वाईट वाटलं. शुभदाताई, म्हणजे आमच्या पतसंस्थेचे भाग जास्त सुरक्षित म्हणायचे का?

शुभदा_ताळेबंद

काका, नाही. तिथे भाव हलताना दिसत नाही एवढंच. संस्थेची कर्जं थकली तर भागाचे पैसेही अडकतात. तो वेगळा विषय आहे, वेगळा धागा काढा, मी नक्की येईन.

टॉवेलवाले दादा, तुम्ही त्या कंपनीचा वार्षिक अहवाल डाउनलोड करा आणि इथे चार गोष्टी लिहा. 25 मधले नेहमीचे किती आणि विशेष म्हणून दिलेले किती. कामकाजातून आलेली निव्वळ रोकड किती. त्यातून यंत्रांवर किती गेले. आणि प्रवर्तकांनी आपले शेअर गहाण ठेवलेत का. शेवटचं शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर भागधारणेच्या तक्त्यात दर तिमाहीला येतं.

टॉवेलवाले_सोलापूर

(चार दिवसांनी) ताई, मुलीला बसवून अहवाल काढला. 214 पानांचा आहे, दोन रात्री लागल्या. सोपं जावं म्हणून आकडे थोडे गोल करतो. कंपनीचे 10 कोटी शेअर आहेत.

25 रुपयांतले 16 विशेष. जुन्या कारखान्याची जागा विकली, त्याचे पैसे वाटले. म्हणजे नेहमीचे 9. हे मी यादीत बघितलंच नव्हतं, तिथे एकच आकडा होता.

नेहमीचे 9 म्हणजे 90 कोटी. कामकाजातून रोकड आली 105 कोटी. यंत्रांवर गेले 60. उरले 45. म्हणजे 90 वाटायला 45 कमी पडले. आणि अल्पमुदतीचं कर्ज 70 वरून 118 कोटी झालंय. वाढ 48. हा आकडा जुळला तेव्हा मी वही मिटवून थोडा वेळ बसलो.

प्रवर्तकांचे गहाण शेअर वर्षापूर्वी त्यांच्या हिश्श्यातले 12 टक्के होते, आता 41.

एक कळलं नाही. नफा 112 कोटी दाखवलाय. 112 कमावून 90 वाटले, म्हणजे विजयरावांच्या नियमात बसतं. मग रोकड कुठे गेली?

शुभदा_ताळेबंद

दादा, हे तर तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल. सोलापूरहून मुंबईच्या पेढीला टॉवेलचा माल गेला, बिल फाडलं, वहीत नफा बसला, आणि पैसे पाच महिने आले नाहीत. तेवढ्यात सूत घ्यायला रोकड लागली तर काय करायचात?

टॉवेलवाले_सोलापूर

बँकेची कॅश क्रेडिट उचलायचो. कळलं ताई. आता बघतो. हो, येणी 140 वरून 205 कोटी झालीत, आणि विक्री मात्र जवळजवळ तेवढीच आहे. म्हणजे उधारी वाढवून विक्री टिकवलीय. आमच्या धंद्यात हे ज्यानं ज्यानं केलं त्याचे माग मी भंगारात जाताना बघितलेत.

शुभदा_ताळेबंद

मग हिशोब असा. 140 च्या भावावर यादी म्हणते 18 टक्के. जागा एकदाच विकता येते, तिचे 16 काढले की उरतात 9, म्हणजे साडेसहा टक्क्यांच्या आत. आणि गेल्या वर्षीच्या रोकडीला खरोखर पेलवणारं होतं शेअरमागे साडेचार, म्हणजे सव्वातीन टक्क्यांच्या आसपास. ठेवीच्या निम्म्याहून कमी.

पण एक गोष्ट मी ठामपणे सांगू शकत नाही. यंत्रांवरचे 60 कोटी जुनी यंत्रं बदलायला गेले की नवीन विभाग उभा करायला? बदलायला गेले असतील तर ते दर वर्षी लागणारच आणि चित्र वाईट आहे. नव्या विभागाला गेले असतील तर दोन वर्षांनी रोकड वाढूही शकते. अहवालात संचालकांच्या भागात भांडवली खर्चाबद्दल काही लिहिलंय का?

टॉवेलवाले_सोलापूर

"आधुनिकीकरण व क्षमतावाढ" एवढंच लिहिलंय. फोड नाही.

सातरस्ता_विजय

वार्षिक सभा आता ऑनलाइनही होतात. एक शेअर घ्या, भागधारक म्हणून नाव नोंदवा आणि हा प्रश्न लेखी विचारा. बऱ्याच कंपन्या उत्तर देतात. आणि गहाण शेअर कशासाठी वाढले तेही विचारा. माझं मत विचाराल तर 41 टक्के बघून मीही आता थांबलो असतो. प्रवर्तकाला कर्ज फेडायचं असेल तर तो पुढच्या वर्षीही डिव्हिडंड ओढणार, आणि भाव आणखी पडला तर सावकार ते शेअर बाजारात विकतो.

बार्शीकर_72

मी असतो तर 90 ला आला की थोडे घेतले असते. त्या भावात जागेशिवायचा डिव्हिडंडही 10 टक्के पडतो.

चिंचोळी_भट्टी

बार्शीकर साहेब, पुढच्या वर्षी 9 रुपये येतील हे धरूनच ना? परत तोच घोळ.

टॉवेलवाले_सोलापूर

सध्या 9 लाख बँकेत दोन ठेवींत घातले, व्याज दर तिमाहीला खात्यात. उरलेले 3 लाख तसेच ठेवलेत. एक शेअर घेतलाय, 138 ला. प्रश्न मुलीने इंग्रजीत लिहून दिलाय, सभा ऑगस्टमध्ये आहे. उत्तर आलं की इथे टाकतो.

रेखा_नवीपेठ

शुभदाताई, यजमानांचे अजून दोन कंपन्यांचे शेअर आहेत. अहवालात रोख प्रवाहाची दोन पानं दिसतात, एक स्वतंत्र आणि एक एकत्रित. आकडे वेगळे आहेत. कोणतं बघायचं?

शुभदा_ताळेबंद

ताई, दोन्ही. डिव्हिडंड दिला जातो तो मूळ कंपनीच्या स्वतंत्र हिशोबातून, म्हणून वाटायला तिच्याकडे काय आहे ते तिथे कळतं. पण उपकंपन्या रोकड कमावतात की खातात ते एकत्रित पानावर दिसतं. एकत्रितमध्ये कामकाजाची रोकड स्वतंत्रपेक्षा कमी असेल तर आधी तेच शोधा, कोणती उपकंपनी पैसे खातेय. दोन्ही कंपन्यांचे गेल्या तीन वर्षांचे हे आकडे इथे लिहा, रविवारी बसून बघते.